नको म्हणणारे एक्क्याण्णव टक्के

‘आकडे कधीही खोटं बोलत नाहीत, सत्य जाणून घेण्याचा मानवजातीला सापडलेला तो एकमेव निर्मळ मार्ग आहे.’

हे वाक्य रुग्णालयाच्या संशोधन विभागात मोठ्या अक्षरांत छापून लावलं होतं. मागे भिंतीला ओल आली होती आणि ती झाकायला तेवढ्याच मापाचं काहीतरी हवं होतं. विभाग म्हणजे पूर्वी चादरी ठेवायची खोली. आता तिथे दोन टेबलं, एक संगणक, विभागप्रमुख आणि तीन महिन्यांसाठी आलेली एक इंटर्न मावत असे. तिसरं कुणी आलं तर आधीच्यापैकी एकाने उठावं, असा अलिखित नियम होता.

“एक छोटासा सर्व्हे करायचाय,” विभागप्रमुख पहिल्याच आठवड्यात म्हणाले. “आपली सिस्टर घरोघरी जाऊन पेशंटचं ड्रेसिंग करते, नळ्या बदलते. ही घरभेट चालू ठेवायची की नाही, ते कमिटीला ठरवायचंय. पाच प्रश्न पुरेत. लोकांना वेळ नसतो.”

“सर, नमुना कसा निवडायचा?”

“कसा म्हणजे? भेटतील त्यांना विचारायचं. न भेटणाऱ्यांना कसं विचारणार?”

यावर ते स्वतःच हसले. वाक्य विनोदी होतं यात शंका नाही. ते किती भयंकर होतं, हे कळायला सहा आठवडे लागले.

इंटर्नने तिसरा प्रश्न साधा लिहिला होता: ‘परिचारिका घरी येण्याची तुम्हाला गरज आहे का?’ विभागप्रमुखांना तो फार उघडाबोडका वाटला. त्यांनी त्याला अंगभर कपडे घातले: ‘रुग्णालयात उत्तम सेवा उपलब्ध असताना परिचारिकेने घरी येणं आपल्याला आवश्यक व परवडणारं वाटतं का?’ एका प्रश्नात दोन प्रश्न झाले, वर उत्तरही सुचवून झालं. इंटर्नला हे कळलं होतं. कॉलेजात तिने यावर दहापैकी नऊ गुण मिळवले होते. पण नोकरीच्या शिफारसपत्रावर सही विभागप्रमुखांची लागणार होती. तिने मान डोलावली.

फॉर्म आधी चार जणांवर आजमावून पाहिला. चौघंही रुग्णालयाचे कर्मचारी आणि ठणठणीत. कुणालाच अडचण आली नाही.

नोंदवहीतल्या बाराशे मोबाइलवर लिंक गेली, १६४ जणांनी भरली. शिवाय सकाळी दहा ते बारा इंटर्न बाह्यरुग्ण विभागात कागद घेऊन उभी राहिली. आठी नसलेलं कपाळ दिसलं की पुढे व्हायची.

“हे भरलं की नंबर लवकर लागतो का?” एका गृहस्थांनी विचारलं.

“नाही काका.”

“मग वाईट लिहिलं तर उशिरा लागतो?”

“तसंही काही नाही.”

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी सगळीकडे छान छान खुणा केल्या, खाली ‘डॉक्टर देवमाणूस’ असं जास्तीचं लिहिलं आणि कागद डॉक्टरांना दिसेल असा धरून बसले. असे साठ फॉर्म जमले. एकूण २२४, त्यात ‘नको’ म्हणणारे २०४.

सारांश एक पानाचा झाला. वर ठळक अक्षरांत: ‘९१ टक्के रुग्णांना घरभेटीची गरज वाटत नाही.’ शेजारी गोल आलेख, त्यात ‘हवी’वाल्यांची फोड इतकी बारीक की कुणी ढकलली तर पडेल. विभागप्रमुखांनी तोंड भरून कौतुक केलं. कमिटीची बैठक सोमवारी होती.

शुक्रवारी सिस्टर आली. नियमाप्रमाणे विभागप्रमुख उठून चहाला गेले. तिने उभ्याउभ्याच कागद वाचला.

“कुठे विचारलंस गं हे?”

“बाह्यरुग्ण विभागात. आणि मोबाइलवर.”

“बाह्यरुग्ण विभागात.” सिस्टरने चष्मा काढला. “अगं पोरी, माझे पेशंट तिथल्या बाकावर येऊन बसू शकले असते, तर मी त्यांचे चार-चार जिने कशाला चढले असते? गुडघे काय फुकटचे आलेत माझे?”

इंटर्नने फॉर्मचा गठ्ठा पुढे ओढला. फॉर्मच्या डोक्यावर केसपेपरचा नंबर होता. सिस्टरच्या यादीत ११८ पेशंट होते. तिने दोन्ही ताडून पाहिले. २२४ उत्तरांमध्ये त्या ११८पैकी फक्त चार होते. तिघांनी ‘हवी’ म्हटलं होतं, एकाने ‘नको’.

ती धावत चहाच्या टपरीवर गेली. “सर, ज्यांच्याकडे सिस्टर जाते त्यांना आपण विचारलंच नाही! चालता येणाऱ्यांना विचारलं की उचलून न्यायला माणूस हवा का. ते नकोच म्हणणार. आणि ज्या हजारभर लोकांनी लिंक उघडलीच नाही...”

“म्हणजे आकडा चुकलाय?”

“आकडा बरोबर आहे. वाक्य चुकलंय.”

“मग झालं तर,” त्यांनी कप खाली ठेवला. “खाली बारीक अक्षरांत लिही, ‘नमुन्याला मर्यादा आहेत.’ संशोधनात तसं लिहायची पद्धतच आहे.”

तिने लिहिलं. सोमवारी कमिटीतल्या सात जणांपैकी पाच जणांकडे वाचायचे चष्मे नव्हते. एक तारखेपासून घरभेट बंद झाली. सिस्टरला औषधाच्या खिडकीवर बसवलं.

मग इंटर्नने रजा टाकली आणि सर्व्हे पुन्हा केला, या वेळी शहाण्यासारखा. सिस्टरची यादी समोर ठेवली, एक ते चार आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या, तीन निघाला. तिसऱ्यापासून दर चौथं नाव: एकोणतीस घरं. घराला कुलूप असलं तर शेजारी विचारायचं नाही, पुन्हा यायचं. माणूस गेलेला असला तर तसंच नोंदवायचं, त्याच्या जागी दुसरा धरायचा नाही. पहिल्या दहा घरांत ‘गेलेला’ असं तिने दोनदा लिहिलं. त्यातला एक दोन तारखेला गेला होता. कशाने, हे तिच्या फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.

अकरावं घर चौथ्या मजल्यावर होतं. केसपेपरचा नंबर पाहून ती दारातच थबकली. चौघांतलं ते एकमेव ‘नको’.

आजींनी दार उघडलं. “आलीस? ड्रेसिंगला येणं पुन्हा सुरू झालं का गं?”

“मी सिस्टर नाही आजी. काही प्रश्न विचारायचेत.”

आतल्या खाटेवर आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. खोलीत जखमेचा वास होता. पाठीवरचं ड्रेसिंग आजींनी जुन्या मऊ कापडाचं केलेलं, वरून चिकटपट्टी वाकडीतिकडी. कापड पिवळं-तपकिरी भिजलं होतं.

“पूर्वी रुपयाएवढी होती,” आजी म्हणाल्या. “आता माझी मूठ मावेल. यांना कुशीवर करायला दोन माणसं लागतात, इथे मी अर्धी.”

“आजी, मोबाइलवर आलेला फॉर्म तुम्ही भरला होता?”

“आमच्याकडे कुठला मोबाइल? नंबर मुलाचा दिलाय. तो परगावी असतो. फार कामं असतात त्याला.”

इंटर्नने फॉर्मवर काहीच लिहिलं नाही.

“लोकांनीच नको म्हटलं म्हणे,” आजी म्हणाल्या. “सर्व्हे का काय केला. कोण गं ही माणसं? आमचं काय वाकडं होतं त्यांच्याशी?”

“तो सर्व्हे मी केला, आजी.”

आजोबा कण्हले. इंटर्न पुढे बोलत सुटली: आपलं चुकलं, ती नवीन अहवाल लिहितेय, एकोणतीस घरं पूर्ण झाली की कमिटीकडे देणार, कमिटी तीन महिन्यांनी बसते, यात टक्के नुसते नाहीत तर कितीपैकी किती तेही आहे...

“तीन महिने,” आजी म्हणाल्या आणि खाटेकडे वळून बघितलं. मग आत गेल्या. भांड्यांचा आवाज झाला. इंटर्न उभीच राहिली. आता शिव्या येतील, आल्याच पाहिजेत, असं तिला वाटत होतं.

आजी साखरेची बरणी घेऊन बाहेर आल्या.

“एवढं झाकण उघडून देतेस का? कालपासून बसलंय घट्ट.”