उलटं घालून बघा

लोणावळ्याच्या क्लासमध्ये प्रदीप सर हिरापुढे अगदी हात टेकायचे. "हिराताई, तेच गणित परत केलं तर तीच चूक परत होणार! आलेलं उत्तर प्रश्नात घालून बघा. जमलं की पुढं चला."

हिराला ते कधी पटलंच नाही. मळवलीच्या शाळेत पायऱ्या मांडून पैकीच्या पैकी मिळवलेली पोर ती. पर्यायांवरून उलटं जाणं तिला चोरीच वाटे. आता ती दोन लेकरांची आई होती, डिसेंबरात वयोमर्यादा संपत होती, आणि ही सरकारी भरती तिच्यासाठी शेवटची होती.

तळेगावच्या परीक्षा केंद्रात संगणकावर तीन मिनिटं उरली होती. एका प्रश्नाला दोन गुण. शेवटचा प्रश्न पडद्यावर आला: भात वाळल्यावर वजन वीस टक्के घटतं. वाळलेलं भात चारशे ऐंशी किलो, तर ओलं किती? पर्याय होते पाचशे, पाचशे शहात्तर, सहाशे आणि सहाशे चाळीस.

जन्म भातात गेलेला, हे काय अवघड! चारशे ऐंशीचे वीस टक्के शहाण्णव, मिळवले, पाचशे शहात्तर. तिनं उत्तर सेव्ह केलं. मग तपासलं, म्हणजे तेच परत केलं. परत पाचशे शहात्तर. तिसऱ्यांदाही तेच. एक मिनिट उरलं.

सरांचा वैतागलेला चेहरा डोळ्यांपुढे आला. "घालते बाई एकदाची," ती पुटपुटली. पाचशे शहात्तरचे वीस टक्के एकशे पंधरा पूर्णांक दोन. वजा केले तर उरतात चारशे साठ पूर्णांक आठ. अगं बाई! घट ओल्या भातावर धरायची होती, वाळलेल्यावर नाही. पाचशे घातले, चारशे उरले. सहाशे चाळीसचे पाचशे बारा. सहाशे घातले, आणि बरोब्बर चारशे ऐंशी.

तिनं सहाशेवर टिचकी मारली. नुसती टिचकी धरली जात नव्हती, पुन्हा सेव्ह दाबायचं होतं. पण उलट्या वाटेनं आलेल्या उत्तरावर तिचा जीव बसेना. एकदा नीट मांडून बघू म्हणून तिनं कच्च्या कागदावर ओल्या भाताला क्ष धरलं. क्ष वजा क्षचे वीस टक्के... बरोबरचं चिन्ह काढलं आणि पडदा आपोआप बंद झाला.

यादी लागली तेव्हा हिराला दोन गुण कमी पडले होते. प्रदीप सरांनी तिची उत्तरपत्रिका मोबाइलवर उघडली आणि कपाळावर हात मारला.

"पाचशे शहात्तर? अहो, घसा फुटेस्तोवर सांगितलं होतं! घालून बघितलं नाहीत ना?"

"बगितलं, सर. सहाशे आलं व्हतं."

"मग?"

हिराला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं.

"मग रीतसर सोडवत बसले."