मकबुलेने दूशेश टाकून दिला

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर हिकमतच्या चहाबागेत मकबुले आणि रासिम कप्तान तावला, म्हणजे फासे टाकून आपल्या सगळ्या सोंगट्या आधी घरी आणून मग पटावरून काढायचा खेळ, खेळायला बसत, आणि दर शुक्रवारी मकबुले हरत असे. दोन उन्हाळे हे चाललं होतं. मी तिची शेजारीण, नेरिमान. तिच्या भिंतीला माझी भिंत लागून, त्यामुळे हरल्यानंतरची चिडचिडही माझ्याच वाट्याला यायची.

मकबुले इस्पितळात बत्तीस वर्षं नर्स होती. सुई टोचताना मोठमोठे बाप्ये तिच्यासमोर लहान व्हायचे. पण पट उघडला की बाईचा जीव घाबरा व्हायचा. आपली एखादी सोंगटी मागे, दुसऱ्याच्या घरात राहिलेली तिला बघवायची नाही. संधी मिळाली रे मिळाली की ती पळवायचीच. रासिम कप्तानाला हे पाठ होतं. चाळीस वर्षं फेरीबोट चालवलेला माणूस, तो नुसता वाट बघायचा.

"नर्सबाई, पेशंट पळाला," म्हणायचा, आणि तिची एकटी पडलेली सोंगटी मारायचा.

त्या शुक्रवारी मात्र दोघांचे चार-चार डाव झाले. पाचवा जो जिंकेल त्याची बाजी. हरणाऱ्याने पट बगलेत मारून बाजारातून घरी न्यायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. मकबुलेची बगल त्या पटाला सरावलेली होती. कप्तानाच्या बगलेत तो अकरा वर्षांत गेला नव्हता. बघता बघता आमच्या टेबलाभोवती आठ-दहा खुर्च्या सरकल्या.

शेवटचा डाव वाईट चालला होता. कप्तानाच्या तेरा सोंगट्या घरी पोचल्या होत्या. फक्त दोन बाहेर, पटाच्या पलीकडच्या बाजूला, जोडीने उभ्या. मकबुलेच्या दोन सोंगट्या अजून त्याच्याच घरात अडकलेल्या, पाचव्या खणात. दोन एकत्र म्हणजे आमच्या भाषेत दार. दाराला कुणी मारू शकत नाही. पण दार धरून बसलं म्हणजे काही घरी पोचत नाही. शर्यतीत ती अडतीस खणांनी मागे होती.

तिने फासे हातात खुळखुळवले आणि टाकले.

"दूशेश!" हिकमत किटली हातात घेऊनच ओरडला. दोन्ही फाशांवर सहा. जोडी पडली म्हणजे चार वेळा सहा चालायचे.

सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला. दोन सोंगट्या, दोन-दोन उड्या, आणि दोघी सुखरूप बाहेर. याहून सरळ काय असतं?

"पळव गं!" माझ्या तोंडून निघूनच गेलं.

"बाजूने बोलायचं नाही," कप्तान म्हणाला, पण मिशीत हसत. त्याला घाई होती. त्याला माहीत होतं ती काय करणार.

मकबुलेचा हात त्या दोन सोंगट्यांकडे गेला. बोटं टेकली. आणि थांबली.

तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती. आधी त्याचे खण, मग आपले. कप्तान चमचा बशीवर वाजवत राहिला.

"बाई, चहा गार झाला. फासेही होतील."

"होऊ देत," ती म्हणाली. "कप्तान, मी पळाले तरी चौदा खणांनी मागेच राहते ना?"

"मला काय विचारता? मोजा."

"मोजलं. चौदा. आणि फेक तुमची."

कुणीतरी मागून म्हणालं, "चौदा म्हणजे काय, एका जोडीत भरून निघेल!"

"आणि जोडी यांना पडली तर?" मकबुलेने मान न वळवता विचारलं. मग ती माझ्याकडे वळली, जणू मीच विरोधी पक्ष. "अगं नेरिमान, मी गेले तर यांच्या त्या दोन सोंगट्यांना अडवायला राहतं कोण? हे शीळ घालत घरी जातील. मी बसले तर त्यांना माझ्या समोरून जावं लागेल. आणि बघ, घरातल्या यांच्या एकाही सोंगटीला सहा चालत नाही. सहा पडला की या दोघींपैकीच एक हलवावी लागणार आणि दुसरी एकटी पडणार."

"आणि तुला मार्स बसला तर?" मी म्हटलं. एकही सोंगटी पटावरून काढायच्या आत हरलं की दुप्पट जातं, त्याला मार्स म्हणतात.

"चार-चार आहेत. एकने हरले काय नि दोनने हरले काय, पट मलाच न्यायचाय."

आणि तिने आपल्या बाजूला बाहेर असलेल्या चार सोंगट्या उचलल्या आणि एकेक करून सहा-सहा खण घरात आणल्या. दार जागच्या जागी. दूशेश असा वापरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. हिकमतने तर किटली खाली ठेवली.

कप्तानाचा चमचा थांबला.

"दोन-तीन फेकींत घरातली दारं मोडावी लागतील तुम्हाला," तो म्हणाला. "हलवायला उरलंय काय?"

"तुमची फेक आधी आहे."

हे खरं होतं, आणि तोही खरंच बोलत होता. दोन-तीन फेकींपेक्षा जास्त तिला बसता येणार नव्हतं.

कप्तानाने फासे टाकले. शेशबेश. सहा आणि पाच.

दोघींना हलवलं तर दोघी तिच्या तोंडासमोर एकट्या. म्हणून त्याने एकच उचलली आणि अकरा खण थेट घरात नेली. दुसरी मागे राहिली, एकटी, मकबुलेच्या दारापासून आठ खणांवर. शहाणा खेळ होता. छत्तीसातल्या फक्त सहा फेकी तिला मारू शकत होत्या.

"टाका, नर्सबाई."

तिने टाकले. एक फासा पाचावर थांबला. दुसरा बशीला आपटला, पटात परत आला आणि तीन दाखवून बसला.

आठ.

मकबुलेने सोंगटी उचलून इतक्या हळू नेली की मला वाटलं सुई टोचतेय. टक. कप्तानाची सोंगटी मारली गेली. ती आता पटाच्या मधल्या पट्टीवर, आणि तिथून तिला मकबुलेच्या घरातून नव्याने सुरुवात. तिच्या घरातले चार खण दारांनी बंद होते. कप्तानाने सहा-चार टाकले, दोन्ही बंद. मकबुलेने दोन-एक टाकून आणखी एक खण बंद केला, उघडा उरला फक्त पहिला. मग तीन वेळा तो फासे टाकत राहिला आणि तीनदा पट्टीवरच अडकला, तोवर तिच्या बाकीच्या दोन सोंगट्या घरी आल्या. चौथ्यांदा एक पडला, पण फार उशीर झाला होता. मकबुलेने एकेक सोंगटी काढत, कुठलीही एकटी न ठेवता, डाव संपवला.

चहाबागेत एवढा आरडाओरडा झाला की समोरच्या न्हाव्याने ग्राहक अर्धा साबण लावून सोडला.

कप्तानाने पट मिटवला, बगलेत घेतला आणि आडगल्ली सोडून मुद्दाम बाजारातूनच निघाला. मासळीवाल्याने विचारलं तेव्हा ताठ मानेने सांगितलं, "हो, मीच हरलो. नर्सने टोचलं."

मी आणि मकबुले मागोमाग चालत होतो. आपल्या घराच्या फाटकाशी तो थांबला.

"खरं सांगू?" तो मकबुलेला म्हणाला. "तुमच्या जागी मी असतो तर पळालो असतो. दूशेश हातात आला की माझं डोकं चालत नाही."

मकबुले हसली नाही. तिने रुमालाने तळहात पुसले.

"माझंही चालत नव्हतं," ती म्हणाली. "बोटं त्या सोंगट्यांवर होतीच की. फक्त उचलायच्या आधी मोजलं."

"दोन वर्षं का नाही मोजलं मग?"

"भीती वाटली की मोजता येत नाही, कप्तान."

त्याने बगलेतला पट सावरला. मग फाटक ढकललं, पट अंगणातल्या टेबलावर ठेवला आणि आत बायकोला हाक मारली की तीन कप कॉफी टाक, पाहुण्या आल्यात.