सहाचे दोन

वाद्यवृंदाच्या तात्पुरत्या संचालकाची कायमची नेमणूक त्या तालमीवर ठरणार होती, आणि नेमकी तीच विस्कटत होती. त्याचा संशय म्हाताऱ्या ढोलवादकावर होता. जुन्या संचालकांचा हा मेव्हणा त्याच्या ताल दाखवणाऱ्या छडीकडे न पाहता पायाने भलतंच काही मोजत होता.

तिसऱ्यांदा ताल फिसकटला, तेव्हा त्याने छडी खाली ठेवली.

“काका, मुद्दाम करताय ना?”

“बाळा, प्रत्येक मापात, म्हणजे दोन उभ्या रेघांमध्ये, सहा छोटे स्वर आहेत. तू दोन-दोनचे तीन ठोके दाखवतोयस. लिहिलेत तीन-तीनचे दोन.”

त्याने समोरचा स्वरलिपीचा कागद पाहिला. स्वरांच्या शेपट्या खरोखरच तीन-तीनच्या जुडीने बांधलेल्या होत्या. कानशिलं तापली.

“मग आधी का नाही बोललात?”

“आल्यापासून चोर पकडायला आल्यासारखा बघतोयस. बोलणार कोण?”

मागे कुणीतरी खुदकन हसलं. निवड समितीच्या बाईंनी चष्मा वर केला.

त्याने छडी उचलली. एक ठोका खाली, एक वर, प्रत्येकाच्या पोटात तीन स्वर. ढोल नेमका हाताबरोबर पडला आणि सारी वाद्यं झुलत निघाली. त्याने चोरून म्हाताऱ्याच्या पायाकडे पाहिलं. पाय थांबला होता. डोळे छडीवर होते.