बाणाचं टोक

विज्ञानाच्या बाईंना मोठ्या सरांनी सोमवारी हुकूम सोडला: परिसंस्थेचा अठरा पानांचा धडा एका पानात, आकृतीसह, नावं देऊन. सातवीच्या मुलांना अठरा पानं झेपत नाहीत, असं सरांचं मत. सरांनी स्वतः त्यातलं एकही वाचलं नव्हतं, त्यामुळे मत ठाम होतं.

बाई चार वर्षं हंगामी होत्या. कायम करण्याच्या शिफारशीचा फॉर्म सरांच्या टेबलाच्या खणात सहीविना पडून होता. बाईंनी तीन दिवस घासून अन्नजाळं काढलं: गवताकडून नाकतोड्याकडे बाण, नाकतोड्याकडून बेडकाकडे, तिथून साप, सापाकडून घार. गवताकडून उंदराकडे आणखी एक बाण, उंदराकडून साप आणि घार दोघांकडे. खाली एका चौकटीत बुरशी आणि जिवाणू, म्हणजे विघटक.

सरांनी कागद नाकाशी धरला. "बाई, बाण उलटे आहेत. खातं कोण? घार. मग झडप घारीकडून सापावर. एवढंही कळत नाही?"

"सर, बाण झडपेचा नाही, ऊर्जेचा आहे. खाल्ल्या जाणाऱ्याकडून खाणाऱ्याकडे."

"उद्या तपासणी आहे. फिरवा. आणि ही खालची चौकट काढा, जागा अडवते. वर 'संकल्पना' म्हणून माझं नाव घाला. मग तुमच्या त्या फॉर्मचंही बघू."

बाईंनी स्टाफरूममध्ये खोडरबर हातात घेतलं. पहिला बाण फिरवला आणि हसू आलं, मग रडू. आता नाकतोडा गवताला जेवू घालत होता. सातवीची साठ पोरं हेच घोकणार, आणि खाली सही बाईंची. फॉर्मसाठी त्यांनी चार वर्षं नको ते बरंच गिळलं होतं, पण हे घशाखाली उतरेना. त्यांनी बाण पुन्हा सरळ केला.

मग वरच्या कोपऱ्यात सुबक अक्षरात लिहिलं: "आकृती व लेखन: बाई → संकल्पना: सर."

सरांनी ते वाचलं. "म्हणजे तुम्ही मला खाता?"

"तुमच्या नियमाने तसंच होतं, सर. पुस्तकाच्या नियमाने माझी मेहनत तुमच्याकडे जाते."

सरांनी त्या बाणावरून बोट फिरवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. शेवटी म्हणाले, "पुस्तकाचाच नियम ठेवा." मग त्यांची नजर खाली गेली. "पण ही चौकट तशीच? आणि घारीकडून हा बाण कुठे चाललाय? घारीच्या वर तर कोणी नाही."

"विघटकांकडे, सर. सगळ्यांकडूनच जातो. मेल्यावर घारीलाही बुरशी खाते."

सरांनी कागदावर सही केली आणि फॉर्मचा खण किल्ली फिरवून बंद केला.

दुसऱ्या दिवशी साठ मुलांना साठ पानं मिळाली. बाण सगळे बरोबर होते, आणि बाई अजून हंगामी होत्या.