सरड्याचे जोर

सरडा खडकावर चढून जोर का मारतो, या एका प्रश्नापायी ताई दोन वर्षं उन्हात रापत होती. "एवढी शिकलीसवरली आणि सरड्यांच्या नादी लागली," असं तिची आई येईल त्याला सांगायची.

जोडीला मामा असत. मामा म्हणजे नात्याने कुणी नव्हेत, कामावरचे मदतनीस. या बंद पडलेल्या दगडखाणीत त्यांनी तीस वर्षं सुरुंग उडवले होते, आणि सुरुंगांनी त्यांचे कान नेले होते. म्हणून कामाला दोरी लागायची. मामा मोठ्या खडकाच्या पायथ्याशी बसत, हातात लांब काठी, टोकाला रंगवलेला मातीचा सरडा. दोरीचं एक टोक त्यांच्या उजव्या मनगटाला, दुसरं वीस पावलांवर दुर्बीण लावून बसलेल्या ताईच्या हातात. एक हिसका म्हणजे काठी वर, दोन म्हणजे खाली. तीन म्हणजे मादी आली, असाल तसे राहा, बोटही हलवायचं नाही.

मातीचा सरडा वर आला की खडकाचा मालक चवताळायचा. गळा फुगवून, अंग आडवं धरून धडाधड जोर मारायचा: माझा खडक आहे, चालता हो! खरं भांडण म्हणजे शेपूट-पाय गमावणं. त्यापेक्षा दुरून दम दाखवलेला बरा. मादी दिसली की तोच गडी नुसती मान डोलवायचा. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ते खरं, पण ते कुंपण कुठे आहे हे तो दिवसभर असं सांगत असतो.

गेले तीन दिवस मात्र काठी खाली असताना, मादी जवळपास नसतानाही तो मधूनच जोर मारत होता. ताईने वहीत लिहिलं होतं, 'कारण नाही'. एकदा तर त्यापुढे गमतीने 'सकाळचा व्यायाम' असंही जोडलं होतं.

आज ती पुन्हा 'कारण नाही' लिहायला गेली आणि पेन्सिल थांबली. गळा फुगलेला नव्हता. अंग आडवं नव्हतं. सरडा तोंड खाली करून, चारही पायांवर उंच होऊन, एकाच जागेकडे बघत जोर मारत होता. खाली खडकाला फट होती. फटीच्या काठावर मामांचा डावा पंजा टेकलेला होता.

काही सरडे सापासमोरही जोर मारतात, हे ताईने वाचलं होतं. दबा धरणाऱ्याची सगळी मदार लपण्यावर. 'मी तुला पाहिलंय, आता तुझ्या हाती लागत नाही,' एवढं कळलं की सापाचा डाव फसतो. तीन दिवस सरडा हेच सांगत होता आणि तीन दिवस मामा तिथेच बसत होते.

ओरडून उपयोग नव्हता. मामांना ऐकू येणार नाही, आणि आलंच तर ते वळतील, वळताना हात फटीत जाईल. घाबरून दोनच हिसके बसले तर? तिने श्वास रोखला. एक. दोन. तीन.

मामा दगड झाले.

आता साप कुठे आहे हे सांगणारा एकच जण होता. ताईने दुर्बीण सरड्यावर धरली. त्याचं तोंड पंजाकडे. मग हळूच डावीकडे, मामांच्या गुडघ्याकडे वळलं. पुन्हा जोर. मग तिलाही दिसला तो: करड्या ठिपक्यांचा, त्रिकोणी डोक्याचा, मामांच्या बुटाला घासून सरकणारा. मामांनी खाली पाहिलं नाही. तिसऱ्या हिसक्याचा नियम त्यांनी दोन वर्षांत कधी मोडला नव्हता.

साप दगडांच्या ढिगात शिरला. सरडा एकदम थांबला, आणि ताईला त्या थांबण्याचीच जास्त भीती वाटली. गेला, की नजरेआड झाला? ती हलेना. मामाही हलेनात. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी पलीकडच्या दगडावर खरा दुसरा सरडा चढला. मालकाने गळा फुगवला, अंग आडवं केलं, जोर सुरू केले. त्याला आता भांडायची फुरसत होती.

ताईने धावत जाऊन मामांना दंडाला धरून ओढलं आणि दोघं मोकळ्या जागेत आली. ती हमसून हमसून रडू लागली.

"अगं ताई, झालं काय? मादी आली होती ना?"

तिने ढिगाकडे बोट दाखवलं, हाताने सापाची नागमोडी खूण केली. मामांचा चेहरा पांढरा पडला. ते आपला पंजा उलटसुलट करून बघू लागले.

"मला वाटायचं, हा मलाच हाकलतोय," ते म्हणाले. "मी रोज शिव्या घालत होतो त्याला. तू काय लिहीत होतीस?"

ताईने वही उघडून तीन दिवसांची पानं त्यांच्यापुढे धरली. सतरा वेळा सरड्याने सांगितलं होतं. सतरा वेळा तिच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'कारण नाही'.