तांबूस बांगड्या

सुनेला वडिलांनी लग्नात गुलाबी सोन्याच्या बांगड्या दिल्या होत्या. "पोरीच्या हातात तांबं घालून पाठवलंय," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या आणि सून मुकाट गिळायची. आज दोघी दागिने मोडायला सराफाकडे आल्या होत्या. सुनेने बांगड्या आणि एक पांढरी अंगठी काढून ठेवली; सासूबाईंनी आपला पिवळाधमक गोफ ऐटीत पुढे सरकवला.

सराफाने एकेक दागिना यंत्रात तपासला. "बांगड्या अठरा कॅरेट. ही पांढरी अंगठीही अठरा. गोफ चौदा."

"डोळे फुटले का तुझे? रंग बघ की!"

"रंग सोन्यात मिसळलेल्या धातूंवर ठरतो, आजी. बांगड्यांत पाऊण भाग सोनं आहे, उरलेलं बहुतेक तांबं, म्हणून गुलाबी. अंगठीत पॅलेडियम हा पांढरा धातू, वर चकचकीत रोडियमचा मुलामा. गोफात सोनंच कमी, पण चांदी आणि तांबं असं बेतलंय की पिवळेपणा टिकला."

सासूबाई सुनेवर फणकारल्या, "हे तुझ्या बापानं तेव्हाच सांगायचं ना!"

सुनेने बांगड्या उचलून पुन्हा हातात चढवल्या.

"सांगायला आले होते ते. हात जोडून उभे होते. तुम्ही तोंडावर दार लावलंत."