वजनकाट्यावरची मुलाखत

नलूताईंना नोकरी लागली. हे वाक्य मागे घेण्यात आलं आहे, कोणी वाचलं असेल तर विसरावं. सकाळची वेळ आहे, पुलगावजवळच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात छप्पन्न वर्षांच्या नलूताई खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या आहेत आणि नोकरी लागण्याचं एकही लक्षण दिसत नाही.

समोर मालकाचा मुलगा विवेक आणि हिशेब बघणारी सुरभी. माणसं तीन, चहाचे कप चार. नलूताईंनी ते दोनदा मोजले. चौथा कोणासाठी? कपाटामागे कोणी ऐकून राह्यलं काय?

भाचा रोशन निघताना बजावून गेला होता, "मावशी, काहीही विचारलं तरी 'येते' म्हणजो." त्यामुळे त्यांचा रोशनवरही संशय होता.

जागा होती काट्यावरची. कापसाची भरली गाडी काट्यावर घ्यायची, वजन कंप्युटरात चढवायचं, कापूस उतरला की रिकामी गाडी पुन्हा तोलायची. वजाबाकी मशीन करतं. एकेकाळी नलूताईंनी हेच काम केलं होतं, पण हाताने लिहून. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि नलूताई घरात अडकल्या त्या अडकल्याच. सासूबाई मागच्या वर्षी गेल्या. घर एकदम इतकं मोठं झालं की त्यात ऐकू येईल असं फक्त फ्रिज बोलायचं. नलूताईंना आता ही नोकरी हवीच होती.

"काकू, राग मानू नका," विवेक म्हणाला, "पण सॉफ्टवेअर दर दोन वर्षांनी बदलते. तुम्हाले झेपंल?"

"बदलते कोण?"

"कंपनी."

"तुम्हाले विचारून?"

सुरभीने खोकल्याचं निमित्त केलं. "ताई, अलीकडे नवीन काय शिकलात?"

इथे 'सगळं येते' म्हणायचं होतं. पण नलूताईंना वाटलं, हा सापळा आहे. म्हणून त्यांनी खरं सांगून सापळा चुकवला. "बचत गटाची बैठक फोनवर घेतो आम्ही. पहिल्या दिवशी मी तिघींचा आवाज बंद करून ठेवला. तानाबाईले वाटलं, मी रुसली. तिनं मह्या घरी येऊन भांडण केलं, तवा बटन कोणतं ते कळलं. आता मीच बाकीच्याईले शिकवतो."

"ठीक," विवेक उठला. "चाचणी घेऊ. माझी कार दोनदा तोला. दोन्ही वेळा रिकामीच, म्हणजे फरक शून्य आला पाहिजे."

कार काट्यावर आली. सुरभीने एकदा दाखवलं, नलूताईंनी एकदा परत करवून घेतलं, मग स्वतः नंबर टाकला. वजन चढलं. कार पुढे गेली, फिरून आली. वजन पुन्हा चढलं. नलूताईंनी सेव्ह दाबलं, कारण जे दाबलं नाही ते या मशीनवर राहत नाही, एवढं त्यांनी सुरभीच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं.

पावती बाहेर आली. कापूस, निव्वळ सत्तर किलो.

नलूताईंनी कंप्युटरकडे पाहिलं. मग विवेककडे. मग कारकडे. या तिघांत एक लबाड होता.

"हे सत्तर किलो काऊन आले?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात कारच्या मागून एक म्हातारे गृहस्थ तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा थुंकून आले. विवेकचे वडील किसनराव. ते एसीच्या आशेने मागच्या सीटवर झोपले होते आणि पहिल्या वजनानंतर उतरले होते. चौथा कप त्यांचा.

"बाबा, तुम्ही गाडीत होते?"

"मंग कुठं असन? चहा थंडा झाला काय?"

थोडक्यात, कंपनीने किसनरावांना कापूस म्हणून विकत घेतलं होतं, आणि सेव्ह केलेली नोंद खोडता येत नव्हती, फार तर रद्द करता येत होती.

विवेकने कपाळ धरलं. नलूताईंना वाटलं, नोकरी गेली. रोशन असता तर म्हणाला असता, लाइट गेली म्हण. काट्याच्या मशीनचा स्विच हाताशीच होता.

"चूक मही हाय," त्या म्हणाल्या. "आत कोण बसलं ते मी पाह्यलंच नाई. रद्द कशी करतात, ते दाखवा. पण तुम्ही करू नका, मीच करतो. नाईतर उद्या पुन्हा तुमचंच डोकं खाईन."

रद्द फक्त मालकाच्या लॉगिनने होत होतं. विवेकने लॉगिन टाकलं, बाकी सगळं नलूताईंनी केलं. कारण लिहायच्या रकान्यात त्यांनी टाइप केलं: मालाऐवजी मालक.

सुरभी विवेकच्या कानाशी लागली. पण नलूताईंचा संशय अजून उतरला नव्हता, म्हणून त्यांना सगळं ऐकू आलं. "काल ज्या पोराले सगळं येत होतं ना, त्यानं अशीच चूक झाल्यावर मेन स्विच पाडला. दोन गाड्यांचं वजन उडालं."

म्हणून नोकरी लागली. एक महिना चाचणी, पुढे कायम, आणि निवृत्ती अठ्ठावन्नाव्या वर्षी. नलूताईंनी कागद वाचला, बोटांवर हिशेब केला आणि पहिल्याच दिवशी, त्याच कंप्युटरवर, कोणाला न विचारता अर्ज टाइप केला:

'विषय: वयात सूट मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदार सासूबाईंच्या सेवेत असतानाची सर्व वर्षे अर्जदाराच्या वयातून वजा करण्यात यावीत व निव्वळ वय ग्राह्य धरून निवृत्तीची तारीख नव्याने कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.'